उत्तर बरोबर, दिवा चूक : चार बिटांच्या ॲडर-सबट्रॅक्टरचं एक प्रकरण

मी पुण्यात डिप्लोमाच्या मुलांची डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेतो. दुसऱ्या वर्षातल्या एका जोडीने, एक मुलगी आणि एक मुलगा, मायक्रोप्रोजेक्ट म्हणून ब्रेडबोर्डवर चार बिटांचा ॲडर-सबट्रॅक्टर बांधला होता. बेरीज बिनचूक येत होती, वजाबाकीही बिनचूक येत होती. फक्त ओव्हरफ्लो दाखवणारा लाल दिवा बेरजेला नीट वागत होता आणि वजाबाकीला मनाला येईल तेव्हा पेटत होता. बिघाड शेवटी ब्रेडबोर्डच्या एका भोकाचा निघाला. पण तो वायर चुकून तिकडे गेल्यामुळे झालेला नव्हता. कागदावरच्या आकृतीत जसं होतं तसंच जोडलं होतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी सर्किट. एक फुल ॲडर तीन बिट घेतो, दोन संख्यांचा एकेक बिट आणि आधीच्या घरातला हातचा, म्हणजे कॅरी. बाहेर बेरजेचा एक बिट आणि पुढच्या घराचा कॅरी देतो. आत दोन एक्स-ऑर, दोन अँड आणि एक ऑर गेट लागतं. असे चार फुल ॲडर एकामागोमाग जोडले, की पहिल्याचा कॅरी दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, असा तो पुढे सरकत जातो. पहिल्या घरात येणाऱ्या कॅरीला `C0` म्हणू, शेवटच्या म्हणजे चिन्हाच्या घरात शिरणाऱ्याला `C3` आणि त्यातून बाहेर पडणाऱ्याला `C4`.

वजाबाकीसाठी वेगळं सर्किट बांधायची गरज नसते. टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये `A - B` म्हणजे A मध्ये B चे सगळे बिट उलटे करून मिळवायचे आणि वर एक घालायचा. बिट हवे तेव्हा उलटे आणि नको तेव्हा सरळ सोडायचं काम एक्स-ऑर करतं. त्याच्या एका टोकाला 0 दिला तर दुसऱ्या टोकावरचा बिट तसाच बाहेर येतो, 1 दिला तर उलटा येतो. म्हणून B च्या चारही बिटांच्या वाटेवर एकेक एक्स-ऑर बसवायचं आणि त्यांची दुसरी टोकं एकत्र करून `M` या एका स्विचला जोडायची. `M` 0 असेल तर बेरीज, 1 असेल तर वजाबाकी. तोच `M` पहिल्या फुल ॲडरच्या `C0` ला द्यायचा, म्हणजे वजाबाकीच्या वेळी वरचा एक आपोआप मिळतो. एक्स-ऑरमधून बाहेर पडणाऱ्या बिटांना मी `X0` ते `X3` म्हणणार आहे. पुढे सगळं या नावावरच अडतं.

पोरांनी सामान तपकीर गल्लीतून आणलं होतं. आठ एक्स-ऑर ॲडरमध्ये आणि चार B च्या वाटेवर, म्हणजे बारा. 74LS86 मध्ये चार गेट असतात, तेव्हा तीन आयसी काठोकाठ भरले. आठ अँड गेटांसाठी दोन 74LS08, चार ऑर गेटांसाठी एक 74LS32. इथपर्यंत सहा आयसी. तयार ॲडरचा आयसी वापरायचा नाही, फुल ॲडरपासून बांधायचं, अशी अट मीच घातली होती. तिचं कारण पुढे येईल.

ओव्हरफ्लोसाठी त्यांनी पुस्तकातला सर्वांना ठाऊक असलेला नियम घेतला. समान चिन्हाच्या दोन संख्या मिळवल्या आणि उत्तराचं चिन्ह वेगळं आलं, तर ओव्हरफ्लो. चार बिटांत -८ ते +७ एवढेच आकडे मावतात. ५ आणि ४ मिळवले तर ९ मावत नाही, `1001` येतं आणि ते -७ असं वाचलं जातं. दोन धन संख्यांची बेरीज ऋण आली, म्हणजे काहीतरी बाहेर सांडलंय. दोन ऋण संख्यांचंही तसंच. हा नियम त्यांनी गेटांत असा उतरवला:

```
V = (A3 AND B3 AND NOT S3) OR (NOT A3 AND NOT B3 AND S3)
```

त्यासाठी तीन टोकांचे अँड असलेला 74LS11, उलटे करायला 74LS04 आणि एका ऑर गेटसाठी आणखी एक 74LS32 लागला. नऊ आयसी, दोन ब्रेडबोर्ड जोडून भरलेले.

पोरांनी तपासणी मन लावून केली होती. बेरजेच्या भरपूर जोड्या लावून बघितल्या, त्यात ओव्हरफ्लो येणाऱ्याही होत्या, आणि दिवा प्रत्येक वेळी बरोबर होता. वजाबाकीत मात्र ५ - २, ६ - ४, ७ - १ अशी ज्याला आपण रोजच्या हिशोबात वजाबाकी म्हणतो तीच उदाहरणं घेतली होती, मोठ्यातून लहान. माझ्यासमोर दाखवताना मी २ - ५ लावायला सांगितलं. चार हिरव्या दिव्यांवर `1101` आलं, म्हणजे -३. उत्तर बरोबर. पण लाल दिवाही पेटला.

"सर, लूज कॉन्टॅक्ट असेल," मुलगा म्हणाला आणि वायरी दाबू लागला. मुलीने ऑर गेटचा आयसी काढून नवा बसवला. दिवा तसाच.

लूज कॉन्टॅक्टचा बिघाड दर वेळी वेगळा दिसतो. हा दर वेळी तोच दिसत होता. `M` बंद करून २ + ५ लावलं की दिवा विझायचा, वजाबाकी लावली की पेटायचा. शिवाय बेरजेला सगळं ठीक आणि वजाबाकीला चूक, यावरून `M` शी संबंध आहे हे उघड होतं. म्हणून मी त्यांना हात बोर्डावरून काढायला लावून आणखी तीन-चार वजाबाक्या फक्त लिहून घ्यायला सांगितल्या.

```
गणित        A     B     S     दिवा  हवा होता
5 - 2      0101  0010  0011   0      0
2 - 5      0010  0101  1101   1      0
7 - (-3)   0111  1101  1010   0      1
-6 - 5     1010  0101  0101   0      1
```

दुसऱ्या ओळीपेक्षा तिसरी आणि चौथी वाईट. ७ - (-३) म्हणजे १०, ते मावत नाही, बोर्डावर -६ दिसतंय आणि दिवा गप्प. दिवा उगाच पेटणं निदान डोळ्यांत तरी भरतं. न पेटणं कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता या तक्त्यात `A3`, `B3` आणि `S3`, म्हणजे प्रत्येकाचा डावीकडचा पहिला बिट, तेवढाच वाचा आणि वरचं सूत्र लावा. २ - ५ मध्ये 0, 0, 1. सूत्र म्हणतं दोन धन संख्या मिळवल्या आणि ऋण उत्तर आलं, पेटव. पण ॲडरमध्ये दोन धन संख्या गेल्याच नव्हत्या. ॲडरला B दिसतच नाही, त्याला दिसतो X. ५ म्हणजे `0101` हा उलटा होऊन `1010` झाला आणि तो आत गेला. ॲडरच्या दृष्टीने एक धन आणि एक ऋण संख्या आली होती, आणि भिन्न चिन्हांच्या बेरजेत ओव्हरफ्लो शक्यच नसतो. चिन्हांचा नियम ॲडरमध्ये जे शिरतं त्याचा आहे. स्विचवर काय लावलंय त्याचा नाही.

पोरांच्या आकृतीत चिन्हाच्या सर्किटकडे जाणारी रेघ `B3` च्या स्विचपासून निघाली होती. बेरजेत `M` 0 असतो, `X3` आणि `B3` एकच, त्यामुळे चूक झाकली गेली. बोर्डावर `B3` चं एक्स-ऑर हे पहिल्या 74LS86 मधलं चौथं गेट होतं. त्याची आत जाणारी टोकं पिन १२ आणि १३, आणि बाहेरचं टोक पिन ११. पिवळी वायर पिन १२ समोरच्या भोकातून निघाली होती. ती शेजारच्या, पिन ११ समोरच्या भोकात टोचली आणि वरच्या चारही ओळी जागेवर आल्या.

ही चूक किती खोल होती हे मोजता येतं. चार-चार बिटांच्या दोन संख्यांच्या एकूण २५६ जोड्या होतात. वजाबाकीत त्यातल्या ६४ जोड्यांना खरा ओव्हरफ्लो येतो. ओव्हरफ्लो यायला A आणि B ची चिन्हं भिन्न असावी लागतात, आणि चुकीचं सूत्र भिन्न चिन्हांना कधीच पेटत नाही, म्हणजे सगळेच्या सगळे ६४ सुटले. उलट समान चिन्हाच्या जोड्यांत ओव्हरफ्लो कधीच येत नाही, पण धन संख्यांत A जर B पेक्षा लहान असेल, किंवा ऋण संख्यांत A जर B एवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर उत्तराचं चिन्ह बदलतं आणि दिवा उगाच पेटतो. अशा जोड्या धन संख्यांत २८ आणि ऋण संख्यांत ३६. एकूण १२८ ठिकाणी चूक, १२८ ठिकाणी बरोबर. आणि मोठ्या धन संख्येतून लहान वजा करायची सवय असलेल्या माणसाला ते बरोबर असलेले १२८ च सापडत राहतात.

वायर हलवल्यावर मुलीने एक फार चांगला प्रश्न विचारला. "सर, B जर -८ असेल तर? -८ चं उलट +८, ते तर चार बिटांत मावतच नाही. मग `X3` वरून चिन्ह कसं बघायचं?"

ही शंका खरी आहे, म्हणून लावूनच बघितलं. ० - (-८) घेऊ. B आहे `1000`, उलटा केला की X होतो `0111`. ॲडर करतो `0000 + 0111 + 1`. पहिल्या घरात 0, 1 आणि `C0` चा 1, बिट 0 आणि हातचा 1. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात तेच. चिन्हाच्या घरात 0, 0 आणि हातचा 1, म्हणजे बिट 1, बाहेर हातचा 0. उत्तर `1000`. चिन्हं 0 आणि 0, उत्तराचं 1, दिवा पेटला. +८ मावत नाही, तेव्हा बरोबर. आता -३ - (-८), खरं उत्तर ५. `1101 + 0111 + 1` चे चार बिट `0101` येतात. चिन्हं 1 आणि 0, भिन्न, दिवा बंद. हेही बरोबर.

याचं रहस्य असं, की इथे -८ चं टू'ज कॉम्प्लिमेंट मुळात कुठेच तयार होत नाही. X म्हणजे नुसते उलटे बिट, `0111`, म्हणजे +७, आणि तो चार बिटांत सुखाने मावतो. राहिलेला एक `C0` मधून बेरजेतच येतो. याऐवजी कोणी B चं टू'ज कॉम्प्लिमेंट वेगळ्या सर्किटात आधी पूर्ण करून मग ते ॲडरला दिलं असतं, तर `1000` चं उलट पुन्हा `1000` च आलं असतं. मग ० - (-८) मध्ये चिन्हं 0 आणि 1, दिवा बंद, चूक. -३ - (-८) मध्ये चिन्हं 1 आणि 1, उत्तराचं 0, दिवा चालू, तेही चूक. म्हणजे `M` हा `C0` ला जोडण्याने एक ॲडर वाचतो हे तर आहेच, पण ओव्हरफ्लो बरोबर येतो तोही त्याच्यामुळेच.

`C0` ची जोडणी राहून गेली तर काय दिसतं, तेही सांगून ठेवतो, कारण दर वर्षी एखाद्या बोर्डावर हे होतं. LS मालिकेत मोकळं सोडलेलं टोक 1 असल्यासारखं वागतं. त्यामुळे वजाबाकी अगदी बरोबर येते आणि बेरीज मात्र एकाने जास्त, ५ + २ चे ८. सगळे बेरजेच्या बाजूला बिघाड शोधत बसतात. `C0` ग्राउंडला अडकला असेल तर उलटं, बेरीज बरोबर आणि वजाबाकी एकाने कमी. उत्तर ठरावीक एकानेच चुकत असेल तर बाकी काही न बघता पहिली पिन हीच बघावी.

आता ते नऊ आयसी. चिन्हांचा नियम समजायला सोपा, पण बांधायला महाग. फुल ॲडरपासून बांधा असं मी सांगतो ते यासाठी, की तसं बांधलं तर `C3` ही वायर डोळ्यांसमोर असते आणि ओव्हरफ्लो एका गेटात निघतो:

```
V = C3 XOR C4
```

हे पाठ करण्यापेक्षा चिन्हाच्या घरात काय चाललंय ते बघावं. टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये या घराची किंमत -८ असते. `A3` जर 1 असेल तर तो -८ आणतो, `X3` चा 1 ही -८ आणतो. पण खालून येणारा `C3` हा साधा हातचा आहे, तो +८ आणतो. या घरात उत्तर म्हणून लिहिता येतं ते एकतर ० किंवा -८, दुसरं काही नाही. `A3` आणि `X3` मध्ये एकच 1 असेल तर घरात -८ आहेत. हातचा आला तर ० होतात, नाही आला तर -८ राहतात, दोन्ही लिहिता येतात. दोन्ही 0 असतील आणि हातचा आला तर +८ होतात, जे लिहिता येत नाही. तिथे `C3` 1 आणि `C4` 0 असतो. दोन्ही 1 असतील तर -१६ आहेत. हातचा आला तर -८ वर येतात आणि निभतं, `C3` आणि `C4` दोन्ही 1. हातचा नाही आला तर -१६ तसेच राहतात, तिथे `C3` 0 आणि `C4` 1. लिहिता न येणारी दोनच स्थळं, आणि दोन्हीकडे आत शिरणारा आणि बाहेर पडणारा कॅरी वेगळा.

या सूत्रात B चा उल्लेखच नाही. `B3` घ्यायचा की `X3` हा प्रश्न उरत नाही, म्हणून मला ते जास्त आवडतं. पोरांनी 74LS11, 74LS04 आणि दुसरा 74LS32 काढला, एक 74LS86 वाढवला. नऊचे सात झाले. मग कडेच्या जोड्या लावल्या. -७ - १ म्हणजे -८, काठावर पण आत. `1001 + 1110 + 1`, उत्तर `1000`, `C3` आणि `C4` दोन्ही 1, दिवा बंद. त्यानंतर -८ - १, एक पाऊल बाहेर. `1000 + 1110 + 1`, उत्तर `0111`, `C3` 0, `C4` 1, दिवा चालू.

मुलाला अजून एक खटकत होतं. २ - ५ ला `C4` 0 येतो आणि ५ - २ ला 1. त्याला वाटत होतं की काहीतरी उलटं जोडलंय. तसं नाही. वजाबाकीत `C4` 1 म्हणजे उसना घ्यावा लागला नाही, 0 म्हणजे घ्यावा लागला. बिनचिन्हाच्या संख्यांसाठी मर्यादा ओलांडल्याची खूण तीच, `V` चा तिथे काही संबंध नाही. ॲडर एकच आहे, संख्या चिन्हाच्या मानायच्या की बिनचिन्हाच्या हे वापरणारा ठरवतो आणि त्याप्रमाणे `V` बघतो किंवा `C4`. आमच्या मुलांचा गोंधळ वाढतो तो 8085 मुळे. त्यात `SUB` नंतर कॅरी फ्लॅग उलटा करून ठेवलेला असतो, उसना घेतला तर 1. शिवाय 8085 च्या अभ्यासक्रमातल्या पाच फ्लॅगांमध्ये ओव्हरफ्लो नाहीच. तो रीतसर भेटतो 8086 मध्ये, आणि तोवर मुलांनी कॅरी म्हणजेच ओव्हरफ्लो असं मनाशी धरलेलं असतं.

एक मर्यादाही त्यांना दाखवली. कॅरी घराघरांतून सरकत येतो, त्यामुळे `C3` आधी बदलतो आणि `C4` त्यानंतर. मधल्या काही नॅनोसेकंदांत दोघं वेगळे असू शकतात आणि `V` वर बारीक टोचा येतो. दिव्यावर तो दिसत नाही. पण `V` सरळ एखाद्या फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला जोडला तर तो टोचाही मोजला जाईल. उत्तर स्थिरावल्यावर क्लॉक देऊन `V` साठवायचा, हा त्यावरचा साधा मार्ग.

तयार ॲडर वापरायचाच झाला तर 7483 किंवा 74LS283 येतो. त्याचे सोळा पाय A, B, S, आत येणारा कॅरी, बाहेर जाणारा कॅरी आणि सप्लाय यातच संपतात, `C3` बाहेर काढलेला नसतो. तिथे तो मागच्या दाराने मिळवावा लागतो. `S3` हा `A3`, `X3` आणि `C3` यांचा एक्स-ऑर आहे, म्हणून `A3`, `X3` आणि `S3` यांचं एक्स-ऑर केलं की `C3` परत मिळतो:

```
V = C4 XOR A3 XOR X3 XOR S3
```

तीन एक्स-ऑर, आणि B च्या वाटेवरचे चार, म्हणजे दोन 74LS86 आणि एक 7483, तीन आयसीत सगळं. इथे मात्र `X3` पुन्हा हजर आहे. त्याच्या जागी कोणी `B3` घेतला तर वजाबाकीत दिवा २५६ च्या २५६ जोड्यांना नेमका उलटा वागेल, ५ - २ लाही पेटेल. पोरांच्या सूत्रातली चूक अर्ध्या जोड्यांत लपून बसत होती, ही पहिल्याच वजाबाकीला सापडते.